जंगलाची कमाई, समुद्राची शिल्लक

काचेच्या तीन बाटल्या घ्यायच्या, घट्ट बसणाऱ्या काचेच्या बुचाच्या. तळ्यातले एकाच खोलीवरचे पाणी तिन्हींत भरायचे आणि आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. पहिल्या बाटलीतला विरघळलेला ऑक्सिजन तिथल्या तिथे मोजायचा. दुसरी पारदर्शकच ठेवायची. तिसरीला काळी चिकटपट्टी अशी गुंडाळायची, की आत उजेडाचा कणही शिरू नये. मग दुसरी आणि तिसरी बाटली दोरीला बांधून, पाणी जिथून घेतले त्याच खोलीवर पुन्हा सोडायची आणि सहा तास थांबायचे.

ही पद्धत गार्डर आणि ग्रान या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी ऑस्लोच्या खाडीत वापरली आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत ती जवळपास तशीच करतात. बाटली वर आली की तिच्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचे अल्कली द्रावण घालतात. पाण्यात ऑक्सिजन जितका जास्त, तितका गडद तपकिरी साका बसतो. मग आम्ल घातले की साका विरघळून पाणी पिवळे होते. त्यात थोडा स्टार्च टाकला की ते निळे पडते, आणि थायोसल्फेटचे थेंब सोडता सोडता एका थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. तो थेंब कितवा, यावरून ऑक्सिजन कळतो.

समजा, सुरुवातीला पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन होता. सहा तासांनी पारदर्शक बाटलीत तो ८.६ झाला आणि काळ्या बाटलीत ६.४ वर आला. काळ्या बाटलीत उजेड नव्हता, म्हणजे तिथे प्रकाशसंश्लेषण झालेच नाही; फक्त श्वसन झाले आणि त्यात ०.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडला. पारदर्शक बाटलीत दोन्ही कामे चालू होती आणि तिथे १.६ मिलिग्रॅमची भर पडलेली दिसली. पण त्या बाटलीतल्या शैवालांनीही श्वास घेतलाच होता. म्हणजे त्यांनी प्रत्यक्षात १.६ अधिक ०.६, असा २.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन तयार केला होता.

या तीन आकड्यांतच आपला सारा विषय आहे. २.२ ही वनस्पतींची एकूण कमाई. तिला सकल प्राथमिक उत्पादकता म्हणतात. ०.६ हा त्यांचा स्वतःचा जगण्याचा खर्च, आणि १.६ ही हातात उरलेली शिल्लक, म्हणजे निव्वळ प्राथमिक उत्पादकता. ‘प्राथमिक’ अशासाठी, की अन्नाची ही पहिली पायरी आहे. तिच्या आधी फक्त ऊन, पाणी, हवा आणि क्षार असतात. बकरीला, बगळ्याला, बांगड्याला आणि माणसाला जे काही मिळते ते या शिल्लकेतूनच. वनस्पतीने श्वसनात जाळून टाकलेली साखर कोणाच्याच ताटात येत नाही.

बाटलीतला हा हिशोब एका बाबतीत थोडा खोटा आहे, तेही सांगायला हवे. काळ्या बाटलीत शैवालांबरोबर जिवाणू आणि डोळ्यांना न दिसणारे प्राणीही कोंडलेले असतात, आणि तेही ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे ०.६ हा खर्च शैवालांचा एकट्याचा नसून त्या पाण्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचा असतो. जिथे जिवाणू फार, तिथे वनस्पतींची शिल्लक असते त्याहून कमी दिसते.

तळ्यात जमणारी ही युक्ती भर समुद्रात मात्र थकते. तिथे शैवाले इतकी विरळ असतात, की सहा तासांत ऑक्सिजनमध्ये पडणारा फरक मोजमापाच्या चुकीतच हरवून जातो. डेन्मार्कच्या स्टीमन नील्सन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘गॅलेथिआ’ जहाजाच्या जगप्रवासात यावर उपाय काढला. बाटलीत किरणोत्सारी कार्बन-१४ असलेले बायकार्बोनेट किंचित घालायचे, काही तासांनी पाणी गाळायचे आणि गाळणीवर अडकलेल्या शैवालांत तो कार्बन किती शिरला ते मोजायचे. अतिशय थोडे उत्पादनही यातून पकडता येते. अडचण इतकीच, की शैवालांनी आत घेतलेल्या कार्बनपैकी थोडा त्या काही तासांतच श्वसनातून बाहेर पडलेला असतो, त्यामुळे येणारा आकडा धड सकलही नसतो आणि धड निव्वळही नसतो. तो दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो.

गवताळ माळाचे काम विळ्याने होते. पावसाळा संपता संपता पुरंदर किंवा सोलापूरच्या माळरानावर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी तारेची चौकट टाकायची. तिच्या आत उगवलेले मारवेल, पवना, कुसळी सगळे जमिनीलगत कापायचे, भट्टीत वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवायचे आणि तोलायचे. हिरवे गवत तोलून उपयोग नाही, कारण त्यात बरेचसे वजन पाण्याचे असते. काम सोपे दिसते, पण इथेच सर्वांत जास्त आकडे चुकतात. आषाढात शेळ्यांनी खाल्लेले, भाद्रपतात पिवळे पडून गळलेले आणि वाळवीने नेलेले गवत त्या चौकटीत नसते. मुळे तर जमिनीखालीच राहतात, आणि गवताच्या वर्षाच्या वाढीचा मोठा भाग, कित्येकदा निम्म्याहून अधिक, मुळांत गेलेला असतो. म्हणून जाणकार अभ्यासक काही चौकटींवर जाळीचे पिंजरे ठेवतात, म्हणजे गुरे तोंड घालत नाहीत. दर महिन्याला नवी चौकट कापतात आणि मातीचे नळीसारखे नमुने काढून त्यांतली मुळे धुऊन तोलतात. वर्षातून एकदाच कापलेल्या चौकटीचा आकडा कोणी ‘उत्पादकता’ म्हणून छापला असेल, तर तो खऱ्यापेक्षा कमी आहे असे खुशाल समजावे.

जंगल ना बाटलीत मावते ना विळ्याने कापता येते. तिथे झाडांच्या शेंड्यांच्याही वर जाणारा मनोरा उभारतात. त्यावरचे उपकरण सेकंदाला दहा वेळा वाऱ्याची वर-खाली हालचाल आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड एकत्र टिपते. दिवसा जंगल हा वायू आत ओढते, रात्री बाहेर सोडते. रात्रीचा आकडा म्हणजे निव्वळ श्वसन. त्यावरून दिवसाच्या तापमानाला किती श्वसन होत असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो दिवसाच्या देवाणघेवाणीत मिळवायचा, की सकल उत्पादकता हाती येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने आसामात काझीरंगाच्या जंगलात असा मनोरा उभा केला आहे. या पद्धतीला फसवते ती वारा पडलेली रात्र. झाडांनी सोडलेला वायू तेव्हा वर येतच नाही, जंगलाच्या तळाशी साचतो आणि उतारावरून वाहून जातो. उपकरणाला वाटते, आज जंगलाने श्वास जवळजवळ घेतलाच नाही. म्हणून अशा निवांत रात्रींच्या नोंदी बाजूला काढाव्या लागतात.

आता प्रत्यक्ष हिशोब करून पाहू. त्यासाठी रॉबर्ट व्हिटेकर आणि जीन लायकन्स यांनी १९७५ मध्ये मांडलेला जागतिक तक्ता घेऊ. तो जुना आहे आणि कुठे चुकतो ते पुढे येईलच. पण त्यात जंगल, गवत आणि समुद्र एकाच मापाने मोजलेले आहेत, म्हणून तुलनेला तो सोयीचा. माप आहे वर्षाला दर चौरस मीटरमागे वाळलेल्या पदार्थाचे ग्रॅम.

उष्ण कटिबंधातल्या सदाहरित वर्षावनाची निव्वळ उत्पादकता या तक्त्यात २,२०० ग्रॅम आहे. समशीतोष्ण गवताळ प्रदेशाची, म्हणजे प्रेअरी आणि स्टेपची, ६०० ग्रॅम. आणि किनाऱ्यापासून दूरच्या खुल्या समुद्राची अवघी १२५ ग्रॅम. चौरस मीटरामागे पाहिले तर जंगल समुद्राच्या साडेसतरा पट पुढे आहे. भर समुद्राला वाळवंट म्हणतात ते याच आकड्यामुळे.

सकल आकडे काढायचे तर श्वसनाचा वाटा लागतो. ब्राझीलमधल्या मानाउसजवळच्या वर्षावनात चेम्बर्स आणि सहकाऱ्यांनी पाने, खोडे आणि मुळे यांचे श्वसन वेगवेगळे मोजले होते. २००४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की झाडांनी मिळवलेल्या कार्बनपैकी सुमारे ३० टक्केच नवीन वाढीत जातो. उरलेला ७० टक्के झाडे स्वतःच जाळतात. गवताला पोसायला खोड नसते, म्हणून त्याचा खर्च निम्मा धरू. समुद्रातल्या एकपेशीय शैवालांना ना खोड ना मूळ; त्यांचा खर्च ३० टक्के धरू. शेवटचे दोन वाटे हिशोबासाठी घेतलेले ढोबळ अंदाज आहेत, हे ध्यानात ठेवायचे.

निव्वळ आकड्याला शिल्लक वाट्याने भागले की सकल आकडा मिळतो. जंगलाचे २,२०० भागिले ०.३ म्हणजे सुमारे ७,३३० ग्रॅम. गवताचे ६०० भागिले ०.५ म्हणजे १,२०० ग्रॅम. समुद्राचे १२५ भागिले ०.७ म्हणजे सुमारे १७९ ग्रॅम.

सकल कमाईत जंगल समुद्राच्या ४१ पट होते. शिल्लकेत ते साडेसतरा पटींवर आले. गवताशी तुलना केली तर सहा पटींचे पावणेचार पट झाले. वर्षावनाची मिळकत अफाट आहे, पण त्याचा संसारही तितकाच मोठा. हेक्टरी शेकडो खोडे, त्यांच्या सालीखालचा जिवंत थर, जमिनीखालचे मुळांचे जाळे आणि एकावर एक रचलेल्या पानांचे मजले, हे सगळे अहोरात्र श्वास घेतात. शिवाय तिथल्या रात्री उबदार असतात आणि उबेबरोबर श्वसन वाढते. खालच्या सावलीतली पाने तर दिवसभरात जे कमावतात त्यातले बरेचसे रात्रीत खाऊन टाकतात.

चौरस मीटर सोडून आता सगळ्या पृथ्वीचा विचार करू. इथे एक सोय आहे: चौरस मीटरामागे जितके ग्रॅम, तितकेच चौरस किलोमीटरमागे टन. एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख चौरस मीटर असतात आणि एका टनात दहा लाख ग्रॅम, म्हणून आकडा बदलतच नाही. त्याच तक्त्यात वर्षावनाचे क्षेत्र १.७ कोटी चौरस किलोमीटर आहे, समशीतोष्ण गवताळ प्रदेशाचे ०.९ कोटी आणि खुल्या समुद्राचे ३३.२ कोटी.

आधी निव्वळ. जंगल: २,२०० गुणिले १.७ कोटी म्हणजे ३,७४० कोटी टन. गवत: ६०० गुणिले ०.९ कोटी म्हणजे ५४० कोटी टन. समुद्र: १२५ गुणिले ३३.२ कोटी म्हणजे ४,१५० कोटी टन. ज्याला वाळवंट म्हटले तो समुद्र जगातल्या सगळ्या वर्षावनांच्या पुढे निघाला.

आता सकल. जंगल सुमारे १२,५०० कोटी टन, गवत १,०८० कोटी टन, समुद्र सुमारे ५,९०० कोटी टन. इथे जंगल समुद्राच्या दुपटीहून पुढे आहे.

म्हणजे एकाच पृथ्वीचे, एकाच वर्षाचे दोन खरे हिशोब, आणि दोघांत पहिला नंबर वेगवेगळ्याचा. प्रकाशसंश्लेषणाने हवेतून किती कार्बन उचलला असे विचारले तर उत्तर जंगल. दुसऱ्या जिवांना खायला किती उरले असे विचारले तर उत्तर समुद्र. जे दोन वाटे अंदाजाने धरले होते, तेवढ्यानेच हा निकाल लागला का, असा प्रश्न चोखंदळ वाचकाला पडेल. तो तपासता येतो. जंगलाचा खर्च ७० ऐवजी ६० टक्के धरला तर त्याची सकल कमाई ९,३५० कोटी टनांवर येते. समुद्राचा खर्च ३० ऐवजी ५० टक्के धरला तर त्याची ८,३०० कोटी टनांवर जाते. दोन्ही बदल एकदम केले तरी सकलमध्ये जंगलच पुढे राहते.

हिशोबातला आणखी एक आकडा मात्र सर्वांत विलक्षण आहे. त्याच तक्त्यात कोणत्याही क्षणी उभा असलेला साठाही दिला आहे. वर्षावनात दर चौरस मीटरवर ४५ किलो वाळलेले जिवंत वस्तुमान असते, गवताळ प्रदेशात १.६ किलो, आणि खुल्या समुद्रात ३ ग्रॅम. तीन ग्रॅम म्हणजे पाऊण चमचा साखर. साठ्याला वर्षाच्या शिल्लकेने भागले, की तो किती काळात नव्याने तयार होतो ते कळते. जंगलात ४५,००० भागिले २,२०० म्हणजे सुमारे २० वर्षे. गवतात २ वर्षे ८ महिने. समुद्रात ३ भागिले १२५, म्हणजे वर्षाचा ०.०२४ भाग: सुमारे ९ दिवस.

समुद्राचे पिक दर नऊ दिवसांनी नवे होते आणि उगवले तितक्याच वेगाने खाल्ले जाते. म्हणूनच ते दिसत नाही. १९८८ मध्ये सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोक्लोरोकॉकस हा जीव जगापुढे आणला. त्याची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि उष्ण समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात तो लाखभर असू शकतो. त्याआधीची जाळी आणि सूक्ष्मदर्शके त्याच्यावरून पुढे निघून जात होती. पृथ्वीवर संख्येने सर्वाधिक असलेला हा प्रकाशसंश्लेषक जीव इतका काळ कोणाला माहीतच नव्हता.

सकल आणि निव्वळ यांची गल्लत झाली की काय होते, हे ऑगस्ट २०१९ मध्ये दिसले. ॲमेझॉनच्या आगींच्या बातम्यांबरोबर ‘जगाचा २० टक्के ऑक्सिजन हे जंगल देते’ हे वाक्य जगभर फिरले. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनीही ते वापरले. जंगल ऑक्सिजन प्रचंड तयार करते, हे खरे. पण निम्म्याहून अधिक झाडेच श्वसनात वापरतात, आणि उरलेल्या शिल्लकेतून वाढलेली पाने-फांद्या गळून कुजताना बुरशी आणि जिवाणू जवळजवळ बाकीचा संपवतात. वर्षाअखेर हवेत पडणारी भर शून्याच्या आसपास असते. ॲमेझॉन जळू नये याची कारणे भक्कम आहेत: खोडांत साठलेला कार्बन, त्या जंगलातून निर्माण होणारा पाऊस, तिथले आदिवासी आणि तिथली जीवसृष्टी. त्यासाठी चुकीच्या हिशोबाची गरज नाही.

तक्ता चुकतो कुठे, तेही पाहू. या तक्त्यात सगळ्या समुद्रांचे मिळून निव्वळ उत्पादन ५,५०० कोटी टन वाळलेला पदार्थ आहे. वाळलेल्या पदार्थात साधारण ४५ टक्के कार्बन असतो, म्हणजे सुमारे २,५०० कोटी टन कार्बन. उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या रंगावरून फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हाच आकडा ४,८५० कोटी टन कार्बन काढला. जमिनीचा ५,६४० कोटी टन. समुद्राचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले. जुन्या मोजमापांत बाटल्यांतले धातूंचे अंश आणि पाणी काढण्याच्या उपकरणांतले रबर शैवालांना विषासारखे बाधत होते, आणि बाटलीत ती समुद्रातल्यापेक्षा कमी वाढत होती. १९८०च्या दशकात धातूंपासून जपलेली स्वच्छ उपकरणे वापरायला लागल्यावर आकडे वर सरकले. यात आणखी एक सापळा आहे. एका लेखात ग्रॅम कार्बन आणि दुसऱ्यात ग्रॅम वाळलेला पदार्थ असेल, तर तेच जंगल दुपटीहून जास्त पिकणारे वाटू शकते. असा आकडा वाचताना तो कशाचा, सकल की निव्वळ आणि मुळे धरून की सोडून, हे आधी पाहावे.

आणि सरासरी शेवटी सरासरीच. १२५ ग्रॅमच्या त्या एका आकड्यात आपला अरबी समुद्र मावत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात ‘सागर कन्या’ जहाजावरून कार्बन-१४ वापरून त्याची वर्षभराची मोजणी केली. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा खालचे क्षारयुक्त पाणी वर आणतो आणि समुद्र पिकतो, हे आधीपासून माहीत होते. पण उत्तर भागात तो भर हिवाळ्यातही हिरवा आढळला. ईशान्येकडून येणारे कोरडे, गार वारे वरचे पाणी थंड करतात. ते जड होऊन खाली बुडते, घुसळण होते आणि खालचे नायट्रेट उन्हात येते. मार्च-एप्रिलमध्ये वारे पडतात, वरचे पाणी तापून खालच्यावर झाकणासारखे बसते आणि खालचे क्षार खालीच राहतात. पावसाळ्याचे वारे सुटेपर्यंत अरबी समुद्र पुन्हा निळा आणि नापीक होतो.